बुटाच्या नंबरांवरून मध्य, मध्यक, बहुलक: आठवीच्या वर्गातल्या तीन तासिका

आठवीच्या वर्गात "मध्य काढा" असं म्हटलं की पाच-सहा मुलं आकड्यांच्या ओळीत मधोमध कोण आहे ते शोधायला लागतात. चूक मुलांची नाही, शब्दच तसा आहे. गणितात मध्य म्हणजे सरासरी, पण मध्य म्हणजे मधला, हे ती लहानपणापासून ऐकत आली आहेत. त्यात चौथ्या प्रकरणात त्यांनी त्रिकोणाची मध्यगा नुकतीच काढलेली असते, आणि आता मध्य व मध्यक असे आणखी दोन शब्द समोर येतात. सेमीच्या तुकडीतली मुलं मीन, मीडियन, मोड म्हणतात. तिथे गोंधळ वेगळा होतो: तिन्ही शब्द मपासून सुरू होत असल्यामुळे ते एकमेकांच्या जागी जातात. राज्य मंडळाच्या आठवीच्या पुस्तकात सांख्यिकीच्या प्रकरणात वारंवारता सारणी आणि तिच्यावरून मध्य आहे. मध्यक, म्हणजे क्रमाने लावलेल्या आकड्यांतला मधला, आणि बहुलक, म्हणजे सगळ्यात जास्त वेळा येणारा आकडा, नववीत येतात. तरीही आम्ही तिन्ही एकदमच ओळखीचे करून देतो, कारण एकट्या मध्याला काही शेजारच नसतो. "याऐवजी दुसरं काय काढता आलं असतं?" हा प्रश्न पडल्याशिवाय मध्य ही फक्त बेरीज-भागाकाराची रीत राहते.

यासाठी वर्गातल्या बुटांचे नंबर आम्ही कळव्यातल्या एका मराठी शाळेत आठवीच्या तुकड्यांना लागोपाठ काही वर्षं वापरले. उंची, वजन, गुण यांच्यापेक्षा बूट सोयीचे का, ते आधी सांगायला हवं. उंची मोजली तर १४३.५, १४७, १५१.२ असे जवळजवळ सगळे आकडे वेगवेगळे येतात आणि बहुलक मिळतच नाही. वजन आणि गुण कोणालाच सगळ्यांसमोर सांगायचे नसतात. बुटाचे नंबर मात्र ३ ते ९ एवढ्याच सात घरांत बसतात. ते पुन्हा पुन्हा येतात, म्हणून सारणी आपोआप छान होते. आणि ५.६८ नंबरचा बूट जगात कुठल्याच दुकानात मिळत नाही, हा या आकड्यांचा मोठा गुण आहे.

माहिती गोळा करायला आदल्या दिवशी घरी एक चिठ्ठी द्यावी. वर्गात बूट काढायला लावू नयेत. कोणाचे मोजे फाटलेले असतात, कोणी मोठ्या भावाचे दोन नंबर मोठे बूट पुढे कापूस भरून घालत असतो, कोणी चपलांवर येतो. चिठ्ठीवर नाव लिहायचं नाही, फक्त नंबर. आम्ही घोटीव कागदाचे दोन रंगांचे तुकडे करतो, साधारण पत्त्याएवढे. पिवळा मुलींना, निळा मुलांना. रंग का, ते तिसऱ्या तासिकेत कळतं, तोवर वर्गाला सांगायचं नाही.

प्रश्न मात्र नेमका हवा. नुसतं "तुझा नंबर किती?" विचारलं तर हजेरीचा नंबर लिहिलेली चिठ्ठी हमखास येते. आम्ही लिहून देतो: "आत्ता शाळेत घालून येता त्या बुटाचा नंबर. बुटावर IND किंवा UK लिहिलं असेल तर त्याच्यापुढचा आकडा." खेळाच्या बुटांच्या जिभेच्या आतल्या पट्टीवर तीन-चार आकडे एकाखाली एक छापलेले असतात आणि मूल त्यातला सगळ्यात ठळक आकडा उतरवतं. भारतात शाळेच्या बुटांना चालतो तो इंग्लंडचा नंबर, म्हणून त्याचीच ओळ धरायची. शाळेच्या काळ्या बुटात सुकतळ्यावरचा छाप दोन महिन्यांत घासून जातो. तेव्हा बूट उलटा करून सोलच्या मधल्या, जमिनीला न टेकणाऱ्या भागावर बघायला सांगावं, तिथला उठावाचा आकडा टिकतो. हे सगळं जून-जुलैत करू नये. ठाण्याच्या पावसात निम्मा वर्ग प्लॅस्टिकच्या सॅन्डलवर येतो, आणि त्यांवर बऱ्याचदा युरोपचे ३७, ३८ असे नंबर असतात. हे प्रकरण पुस्तकाच्या दुसऱ्या विभागात असल्यामुळे ते दिवाळीनंतर येतं, आणि तेव्हा बूट असतात.

इतकं सांगूनही ३८ जणांच्या एका वर्गात एक चिठ्ठी ३८ ची आणि एक ३९ ची आली. आम्ही त्या दुरुस्त न करता तशाच मिसळल्या, कारण पहिल्या तासिकेचं खरं काम तिथूनच सुरू होतं.

पहिल्या तासिकेत चिठ्ठ्या फळ्यावर चिकटवतो. खाली ३ ते ९ आकडे आखलेले, आणि प्रत्येक चिठ्ठी तिच्या आकड्यावर, आधीच्या चिठ्ठीला टेकून वर. पस्तीस मिनिटांच्या तासिकेत यालाच बारा-पंधरा मिनिटं जातात, जाऊ द्यावीत. चिठ्ठ्यांच्या उभ्या रांगा वाढताना मुलं स्वतःच "चारची रांग पुढे गेली", "सात पण!" असं ओरडायला लागतात. बहुलक म्हणजे काय ते त्यांना इथेच कळलेलं असतं, शब्द नंतर दिला तरी चालतो. आम्ही मुद्दाम असाच क्रम ठेवतो: आधी बहुलक, मग मध्यक, शेवटी मध्य. आधी हाताने करायचं आणि मग त्याला नाव द्यायचं. नाव आधी दिलं की मूल नावावरून अर्थ काढतं, आणि मध्य या नावावरून निघणारा अर्थ चुकीचा असतो.

३८ ची चिठ्ठी फळ्यावर कुठे लावायची, हा प्रश्न मुलांनीच विचारला. फळ्याला तेवढी लांबी नव्हती. एक मुलगी म्हणाली, "मॅडम, हा आकडा खोटा आहे." खोटा नव्हता, वेगळ्या मापाचा होता. पट्टीवर बघितलं तर तिथेच UK पुढे ५ छापलेलं होतं, आणि ३९ च्या बुटावर ६. पण चिठ्ठ्या जागेवर लावण्याआधी आम्ही मुलांना एक हिशेब करायला लावला: या दोन चिठ्ठ्या तशाच ठेवल्या तर सरासरी किती येते? सगळ्यांची बेरीज २८२ आणि भागिले ३८, म्हणजे ७.४२. दुरुस्त केल्यावर बेरीज २१६ आणि सरासरी ५.६८. नुसत्या दोन चुकीच्या चिठ्ठ्यांनी सरासरी इतकी वर गेली की ३८ पैकी ३१ जणांचा बूट "सरासरी"पेक्षा लहान ठरला. दुसऱ्या दिवशी मध्यक समजल्यावर हाच प्रश्न पुन्हा विचारला. चुकीच्या चिठ्ठ्यांसकटही मध्यक ६ होता आणि दुरुस्तीनंतरही ६ च राहिला. टोकाचा आकडा मध्याला ओढून नेतो, मध्यकाला हलवत नाही, हे वाक्य आम्हाला फळ्यावर लिहावं लागलं नाही.

आणखी एक आकडा फसवा असतो, तो १३. एका तुकडीत एका अगदी लहानखुऱ्या मुलाच्या बुटावर १३ होतं, आणि वर्गाने तो सगळ्यात मोठा बूट धरला. इंग्लंडच्या पद्धतीत लहान मुलांचे नंबर १३ पर्यंत जातात आणि तिथून मोठ्यांचे नंबर पुन्हा १ पासून सुरू होतात. म्हणजे लहान मुलांचा १३ हा मोठ्यांच्या १ च्या एक पायरी खाली. ती चिठ्ठी ३ च्याही डावीकडे लावायची, आणि बेरजेत तिची किंमत शून्य धरायची. आकडे क्रमाने लावण्याआधी ते एकाच मोजपट्टीवरचे आहेत ना हे बघायचं, ही गोष्ट या एका बुटाने जितकी पटते तितकी दुसऱ्या कशाने नाही.

दुरुस्तीनंतर त्या वर्गाची सारणी अशी झाली. पहिल्या दिवशी आम्ही फक्त "एकूण" हा रकाना भरतो, बाकीचे दोन झाकलेले ठेवतो.

| बुटाचा नंबर | मुली | मुलगे | एकूण |
|---|---|---|---|
| ३ नंबर | ३ | ० | ३ |
| ४ नंबर | ७ | १ | ८ |
| ५ नंबर | ६ | १ | ७ |
| ६ नंबर | २ | ५ | ७ |
| ७ नंबर | ० | ८ | ८ |
| ८ नंबर | ० | ३ | ३ |
| ९ नंबर | ० | २ | २ |
| बेरीज | १८ | २० | ३८ |

पहिल्या रकान्यात "नंबर" हा शब्द प्रत्येक ओळीत लिहिला आहे, तो उगाच नाही. या माहितीत ८ हा बुटाचा नंबरही आहे आणि ८ ही वारंवारताही आहे. "बहुलक किती?" विचारलं की निम्मा वर्ग "आठ" म्हणतो. त्यांनी सर्वांत मोठी वारंवारता शोधलेली असते आणि तीच उत्तर म्हणून दिलेली असते. शोध बरोबर, उत्तर चूक. तेव्हा आम्ही विचारतो, "आठ काय? आठ नंबर की आठ जण?" प्रत्येक आकड्यामागे एक नाम लावायची सक्ती केली की ही चूक दोन दिवसांत जाते. इथे बहुलक दोन आहेत: ४ नंबर आणि ७ नंबर. दोन असलेले मुलांना आवडत नाहीत. ती दोन्हींची सरासरी काढून ५.५ लिहितात, किंवा मोठा म्हणून ७ निवडतात. ५.५ ची रांग फळ्यावर दाखव म्हटलं की पटतं.

दुसऱ्या तासिकेत सगळ्यांना व्हरांड्यात नेतो. आधी चिठ्ठ्या काढून, मिसळून पुन्हा वाटतो, म्हणजे प्रत्येकाच्या हातात दुसऱ्याच कोणाचा तरी आकडा असतो आणि कोणाचाच बूट उघडा पडत नाही. मग चढत्या क्रमाने ओळ करायची. "नंबराने उभे राहा" असं आम्ही पहिल्या वर्षी म्हटलं आणि अख्खा वर्ग हजेरीच्या क्रमाने उभा राहिला. "हातातल्या चिठ्ठीच्या आकड्याने" असंच म्हणावं. काही मुलं सवयीने उंचीप्रमाणे उभी राहतात, तीही तपासावीत.

इथे एक गोष्ट डोळ्यांत तेल घालून बघावी लागते. सारख्या आकड्याची मुलं एकामागे एक गट करून उभी राहायला बघतात. आठ जण ४ चे, तर पुढे एक आणि मागे सात. तसं झालं की ओळीत सातच जागा उरतात आणि मधली जागा ३, ४, ५, ६, ७, ८, ९ यांतल्या ६ ची होते. प्रत्येकाने खांद्याला खांदा लावून, कठड्याच्या बाजूने एकाच सरळ ओळीत उभं राहायचं. अडतीस जणांना लांब व्हरांडा लागतो. तो नसेल तर मैदानाची कड चालते.

मग दोन्ही टोकांचं एकेक मूल एकाच वेळी खाली बसतं. टाळी वाजवली की पुढची जोडी. अठरा टाळ्या झाल्या की दोघंच उभी उरतात, एकोणिसावं आणि विसावं. दोघांच्याही चिठ्ठीवर ६. म्हणून मध्यक ६. "या ओळीत निम्मी माझ्या अलीकडे, निम्मी पलीकडे" असं त्या दोघांनी मोठ्याने म्हणायचं. मुलांच्या डोक्यातला "मधला" आता योग्य शब्दाला जाऊन चिकटतो, तो म्हणजे मध्यक.

या माहितीत मात्र एक अडचण आहे. सारणीच्या सात ओळींतली मधली ओळ बघून सांगणाऱ्यालाही ६ मिळतो, आणि व्हरांड्यात उभं राहून काढणाऱ्यालाही ६ मिळतो. चूक रीत, बरोबर उत्तर. वही तपासताना ही चूक दिसणारच नाही. म्हणून दुसऱ्या तासिकेच्या शेवटी फक्त पिवळ्या चिठ्ठ्यांवर मध्यक काढायला द्यावा. पिवळ्या चिठ्ठ्यांची सारणी चारच ओळींची आहे, ३ ते ६. मधल्या ओळी बघणारा ४.५ लिहितो. अठरा जणींची ओळ केली तर नववी आणि दहावी दोघीही ४ वर असतात, कारण तीन जणी ३ च्या आणि पुढच्या सात ४ च्या, म्हणजे दहावीपर्यंत ४ पुरतो. ज्याने ४.५ लिहिलं, त्याच्याकडे परत जायचं. काही जण ३८ चे निम्मे १९ करून "मध्यक १९" असंही लिहितात. ती जागा आहे, किंमत नाही. त्यांना "एकोणिसाव्या मुलाच्या हातात काय आहे?" एवढंच विचारायचं.

मध्यासाठी बाटल्यांची झाकणं लागतात. शीतपेयाची किंवा पाण्याच्या बाटलीची, कुठलीही, पण सगळी सारख्या उंचीची. पाच मुलांच्या गटाला २५ झाकणं आणि ३, ४, ४, ७, ७ असे पाच आकडे. प्रत्येकाने आपल्या आकड्याएवढ्या झाकणांची चळत बाकावर रचायची. मग बोलायचं नाही, फक्त उंच चळतीवरून झाकण काढून बुटक्या चळतीवर ठेवायचं, सगळ्या सारख्या होईपर्यंत. दोन-तीन मिनिटांत पाचही चळती ५ च्या होतात. आता विचारावं, "तुमच्या गटात ५ नंबरचा बूट कोणाचा?" कोणाचाच नाही. गट गप्प होतो आणि झाकणं पुन्हा मोजतो. आमच्या मते तीन तासिकांमधली ही सर्वांत मोलाची दोन मिनिटं आहेत. घाई करून उत्तर आपण सांगून टाकू नये. मध्य हा कोणाचा तरी आकडा असावाच लागतो असं नाही, तो सगळ्यांना समान वाटल्यावर प्रत्येकाच्या वाट्याला येणारा आकडा आहे.

त्याच गटाचा मध्यक ४ आहे आणि बहुलक ४ व ७. पाचच आकड्यांत मध्य आणि मध्यक वेगळे दिसतात. मग सहावं मूल ५ ची चळत घेऊन गटात येतं. मध्य तसाच ५ राहतो, कारण येणाऱ्याने नेमका वाट्याएवढाच आकडा आणला. मध्यक मात्र ४ वरून ४.५ वर जातो, कारण आता मध्ये ४ आणि ५ असे दोघं आहेत. सहाव्याला बाजूला करून, एका ७ चा ९ केला की झाकणं २७ होतात, पाचांत वाटून दोन उरतात. ती दोन झाकणं कापून वाटायची म्हणजे प्रत्येकी ०.४. इथून दशांश चिन्ह मुलांना परकं वाटत नाही.

झाकणांकडून सारणीकडे जाताना मात्र घसरगुंडी आहे. सारणीवरून मध्य काढताना प्रत्येक नंबराला त्याच्या वारंवारतेने गुणायचं, गुणाकारांची बेरीज करायची आणि एकूण मुलांनी भागायचं:

```
मध्य = (३×३ + ४×८ + ५×७ + ६×७ + ७×८ + ८×३ + ९×२) ÷ ३८
     = (९ + ३२ + ३५ + ४२ + ५६ + २४ + १८) ÷ ३८
     = २१६ ÷ ३८ = ५.६८
```

मुलं यात दोन चुका करतात. पहिली, गुणाकार विसरून ३ ते ९ ची बेरीज ४२ करतात, ७ ने भागतात, उत्तर ६. दुसरी, वारंवारतांची बेरीज ३८ करून ओळींच्या संख्येने, ७ ने, भागतात, उत्तर ५.४३. दोन्ही उत्तरं ५.६८ च्या इतकी जवळ आहेत की मूल म्हणतं, "थोडंसंच चुकलं." थोडंसं नाही, रीतच चुकली आहे. ते दाखवायला आम्ही मुद्दाम एक टोकाचा वर्ग कल्पतो: ३७ मुलांचा बूट ४ चा आणि एकाच मुलाचा ८ चा. पहिल्या रीतीने मध्य येतो ६. वर्गातली ३७ मुलं ४ वर असताना समान वाटा ६ कसा येईल? दुसऱ्या रीतीने तर १९ येतो. बरोबर उत्तर १५६ भागिले ३८, म्हणजे ४.११ च्या आसपास. सारणीतली वारंवारता म्हणजे तेवढ्या चळती, हे या उदाहरणाने बसतं. नाहीच बसलं तर "४ नंबर, ८ जण" ही ओळ पुन्हा लांबवून लिहायला लावावी: ४+४+४+४+४+४+४+४. एकदा लिहिलं की गुणाकार ही त्याची बचत आहे हे समजतं.

एखादं चौकस मूल इथे विचारतं की ८ नंबरचा बूट ४ नंबरच्या दुप्पट असतो का. प्रश्न उत्तम आहे, टाळू नये. इंग्लंडच्या पद्धतीत एका नंबराने लांबी इंचाच्या एक तृतीयांशाने, म्हणजे साधारण साडेआठ मिलिमीटरने वाढते. ज्या लाकडी किंवा प्लॅस्टिकच्या साच्यावर बूट घडवतात त्याची इंचातली लांबी तिप्पट करून त्यातून २५ वजा केले की मोठ्यांचा नंबर मिळतो. म्हणून ४ नंबरचा साचा सुमारे साडेचोवीस सेंटिमीटरचा आणि ८ नंबरचा सुमारे अठ्ठावीसचा. दुप्पट अजिबात नाही. पायऱ्या सारख्या आहेत म्हणून सरासरीला अर्थ आहे. शून्य मात्र सोयीसाठी ठरवलेलं आहे म्हणून "दुप्पट"ला अर्थ नाही. हे उत्तर सगळ्या वर्गाला देत बसू नये, विचारणाऱ्याला जरूर द्यावं.

तिसऱ्या तासिकेत एकच प्रश्न. जांभळी नाक्याच्या बाजारातला बूटवाला या वर्गासाठी ३८ जोड आणणार आहे. त्याला एकच आकडा सांगायचा असेल तर कोणता सांगाल? गटांनी भांडून ठरवायचं. मध्य सांगणाऱ्यांना ५.६८ चा ६ करावा लागतो, आणि ६ चे सगळे जोड आणले तर सात जणांना बसतात. मध्यकवाल्यांचाही आकडा ६, तेही सातच. बहुलकवाले ४ किंवा ७ सांगतात, आठ जणांना बसतात. बहुलक जिंकतो, पण एका जोडाने. पुस्तकात "दुकानदाराला बहुलक उपयोगी" असं एक ठरीव वाक्य असतं. इथे ते तसंच स्वीकारायला मुलं तयार नसतात आणि ते योग्यच आहे. आठ जणांना बसणारा आकडा तीस जणांना अनवाणी ठेवतो. दुकानदाराला खरं तर अख्खी सारणी हवी. बहुलक त्याला इतकंच सांगतो की सगळ्यात आधी कोणता नंबर संपेल.

मग "बहुलक दोन का आले?" असं विचारून झाकलेले दोन रकाने उघडतो. चिठ्ठ्या पुन्हा फळ्यावर लागतात, या वेळी पिवळ्या खाली आणि निळ्या वर. पिवळा ढीग ४ च्या आसपास, निळा ७ च्या आसपास. मुलींचा मध्य ७९ भागिले १८, म्हणजे ४.३९. मुलग्यांचा १३७ भागिले २०, म्हणजे ६.८५. आता मुलींचा मध्यक ४ आणि बहुलकही ४, मुलग्यांचे दोन्ही ७. आत दोन वेगळे गट होते म्हणून एकत्र माहितीला दोन शिखरं होती आणि मध्य त्या दोघांच्या मधल्या दरीत जाऊन पडला होता. ५.६८ हा आकडा बरोबर होता, पण तो ना धड मुलींबद्दल काही सांगत होता, ना मुलग्यांबद्दल.

इथे एक शेवटचा खड्डा आहे. दोन्ही गटांचे मध्य हाताशी आल्यावर मुलं ४.३९ आणि ६.८५ यांची बेरीज करून दोनने भागतात आणि ५.६२ मिळवतात, जो ५.६८ नाही. मुलगे वीस आणि मुली अठरा, म्हणून मुलग्यांचा वाटा जरासा जास्त. फरक ०.०६ एवढाच असल्यामुळे मुलं ती भागाकाराची चूक समजून पुसतात. पुसू द्यायचं नाही. मुलींची एकूण ७९ आणि मुलग्यांची १३७ शेजारी लिहून, २१६ वर परत आणून, ३८ ने भागायला लावायचं.

चौथ्या दिवशी पाच मिनिटांची चाचणी घेतो, कागदाच्या अर्ध्या तुकड्यावर. त्यात नवीन आकडे देतो, नऊ मुलांचे: ७, ४, ५, ४, ९, ४, ६, ७, ८. मध्य, मध्यक, बहुलक तिन्ही काढायचे. आकडे असे निवडलेत की उत्तर बघूनच चूक ओळखता यावी. मध्यक ९ लिहिला असेल तर मूल आकडे क्रमाने न लावता पाचवा उचलतं आहे. मध्यक ६.५ असेल तर सारखे आकडे एकदाच धरले आहेत. बहुलक ३ असेल तर वारंवारताच उत्तर म्हणून दिली आहे, आणि मध्य ६.५ असेल तर बेरजेतसुद्धा सारखे आकडे गाळले आहेत. बरोबर उत्तरं मध्य ६, मध्यक ६, बहुलक ४. मध्य आणि मध्यक मुद्दाम सारखे ठेवले आहेत. "मध्य म्हणजे मधला" अजून डोक्यात असलेलं मूलही ६ च लिहितं, म्हणून मध्यासमोर बेरीज ५४ दिसते का ते बघावं. ती नसेल तर त्या मुलाला बाकावर बोलावून झाकणांची पिशवी पुन्हा एकदा उघडायची.